आवडत नाही की सोसत नाही

दोन हजार चार साल होतं. त्या वर्षी दोघी जावांच्या हॉटेलाला पुढून नव्या मोठ्या काचा बसल्या, रस्त्यावरून आतली टेबलं दिसायला लागली, आणि गर्दी अशी वाढली की तीन नवी माणसं एकदम घ्यावी लागली.

हॉटेल दोघींचं होतं. थोरली स्वयंपाकघर बघायची, धाकटी बाहेरची टेबलं आणि गल्ला. नवऱ्यांना त्यात लुडबुड करायची मुभा नव्हती. ते दोघे भाऊ जेवायला यायचे आणि इतर गिऱ्हाइकांसारखे वाट बघत बसायचे. कामाची माणसं दोघींना मोठ्या वहिनी आणि धाकट्या वहिनी म्हणायची. बाकी घरच्यासारखंच होतं, म्हणजे दिवसातून एकदा तरी दोघींचं वाजायचं आणि संध्याकाळच्या चहाला मिटायचं.

एका गोष्टीवर मात्र दोघींचं कधी वाजलं नव्हतं. आदल्या वर्षी एका वेटरने, दूध न चालणाऱ्या एका लहान मुलीला, विचारलं नाही, बघितलं नाही, सूप नेऊन दिलं. त्यात साय होती. मुलीच्या अंगावर गांधी उठल्या आणि ती उलट्या करून बेजार झाली. नुकसान तेवढ्यावरच थांबलं, पण थोरलीने त्या वेटरला त्याच दिवशी काढलं. तो रडला, पाया पडायला वाकला. ती म्हणाली, "मीठ जास्त पडलं, माफ. ताट फुटलं, माफ. ही चूक माफ नाही. ज्याच्या हातून होईल तो त्याच दिवशी घरी." तेव्हापासून तो हॉटेलाचा कायदाच झाला. तो कायदा आपण केला, याचा थोरलीला मनातून अभिमान होता.

तर नवी तीन माणसं आली आणि थोरलीने हॉटेल उघडायच्या आधी त्यांना स्वयंपाकघरात उभं केलं. धाकटी गल्ल्याची चिल्लर मोजत बाहेरून म्हणाली, "चला, प्रवचन सुरू. बसायला सतरंजी देऊ का?"

तिघांत एक उंच, वाकलेला वेटर होता. त्याला पहिल्याच दिवशी सगळे उंट म्हणायला लागले आणि तोही ओ द्यायला लागला. दुसरे भांडी घासायला आलेले ड्रायव्हरकाका. जन्मभर बस चालवली, निवृत्त झाले, घरी सुनेच्या पायात पायात येतो म्हणून कामाला लागले. तिसरी चिमणी, तीही टेबलांवर वाढायला. आवाज बारीक, मान सारखी इकडेतिकडे, आणि कुठलंही काम सांगितलं की ते एकदा स्वतःशी पुटपुटून बघायची.

थोरलीचं बोलणं छान असायचं, हे धाकटीसुद्धा कबूल करायची. ती पुस्तकी बोलत नसे. तिने ओट्यावर कोंबडीचं कच्चं मांस ठेवलं, ते कापलं, आणि त्याच सुरीने काकडीची एक चकती करून उंटापुढे धरली. "खा."

उंटाने मान मागे घेतली.

"का? सुरी तर पुसली मी." खांद्यावरचं फडकं तिने दाखवलं. "या फडक्याने सकाळपासून काय काय पुसलं असेल, ते फडक्यालाच विचारा. पुसणं म्हणजे धुणं नव्हे."

मग तिने रंगीत बोर्ड दाखवले. कच्च्या मांसाला लाल, माशाला निळा, भाजीला हिरवा. फ्रिजमध्ये कच्चं मांस सगळ्यांत खालच्या फळीवर, म्हणजे ठिबकलं तर कुणाच्या डोक्यावर ठिबकणार नाही. शेवटी तिने भिंतीला वेगळा टांगलेला जांभळा बोर्ड काढला. त्याच्याबरोबर जांभळ्या मुठीची सुरी, जांभळा चिमटा आणि काठाला जांभळी रेघ असलेल्या ताटल्या होत्या.

"हा निराळा. जंतूंचं काय असतं, नीट शिजवलं की बहुतेक मरतात. पण कुणाला दाणे सोसत नाहीत, कुणाला अंडं, कुणाला कोळंबी. ते तुम्ही उकळा, भाजा, तळा, ते तेच राहतं. ज्या तेलात अंड्याच्या पिठात बुडवलेला मासा तळला, त्याच तेलात बटाटे तळले, तर ते बटाटे अंडं सोसत नाही त्याला द्यायचे नाहीत. मासा सोसत नाही त्यालाही नाहीत. हाताला लावायच्या त्या वासाच्या जेलने जंतू मरतील, पण दाण्याचा चुरा तिथेच बसतो. साबण आणि वाहतं पाणी. हातमोजे घातले म्हणजे सोवळं झालं असं नाही; मोज्यांनाही लागतंच की."

ड्रायव्हरकाकांनी विचारलं, "आणि चुकून वरून दाणे पडले, तर वेचून काढले की झालं ना?"

थोरलीला हा प्रश्न फार आवडायचा. दर वेळी कुणी ना कुणी विचारायचंच. "काका, तुमच्या बसमध्ये एक जण ओकला. तुम्ही त्याला खाली उतरवलं. आता ती सीट स्वच्छ झाली?"

सगळे हसले. "काढून द्यायचं नाही," ती म्हणाली. "टाकायचं, हात धुवायचे आणि कोऱ्या ताटलीत पहिल्यापासून नवं करायचं. 'काढून' हा शब्द या खोलीत बोलायचासुद्धा नाही. 'विना' म्हणा, 'नवं' म्हणा. 'काढून' नाही."

मग तिने शेवटचं, तिचं स्वतःचं असं सांगितलं. आपली माणसं सगळ्याला 'चालत नाही' म्हणतात. वांगं आवडत नाही, चालत नाही. डॉक्टरने तूप बंद केलं, चालत नाही. आणि एक दाणा पोटात गेला तर घसा मिटतो, तेही आपलं चालत नाही. लोक बिचारे लाजतात, चारचौघांत आपलं दुखणं सांगायला नको वाटतं. "म्हणून 'चालत नाही' ऐकलंत की विचारायचं, आवडत नाही की सोसत नाही? आणि उत्तर पुरतं ऐकायचं. तोंड मिटेपर्यंत."

कुणाला त्रास झालाच तर काय, तेही तिने सांगितलं. उभं करायचं नाही, चालवायचं नाही, मोकळ्या हवेच्या नावाखाली बाहेर न्यायचं नाही, एकटं मोरीत पाठवायचं नाही. आडवं करायचं; श्वासच लागत असेल तर पाय लांब करून टेकवून बसवायचं. अशा माणसांकडे कधी कधी औषधाची तयार सुई असते, ती जवळ आहे का विचारायचं, ती मांडीत बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनसुद्धा चालते. आणि बरं वाटलं तरी अँब्युलन्स बोलवायचीच, कारण ते फिरून उलटतं.

चिमणी पुटपुटत होती, आवडत नाही की सोसत नाही, आवडत नाही की सोसत नाही. थोरली हसून म्हणाली, "पाठ झालं का गं? उद्या तूच दे प्रवचन."

दुपारी काचेच्या बाहेर रांग लागली. मदतीची बाई आली नव्हती, म्हणून थंड पदार्थांच्या ताटल्यांचा ओटा थोरलीने स्वतःकडे घेतला. त्यात बिटाचं सॅलड होतं. उकडलेल्या बिटाच्या फोडी, पालेभाजीची कोवळी पानं, आणि वरून डब्यातल्या तुकडे केलेल्या अक्रोडांची एक मूठ. ती भराभर ताटल्या भरत होती आणि खिडकीत सरकवत होती. उंट दोन ऑर्डरी उलट्यापालट्या नेऊन परत आला होता, तिचं डोकं तापलं होतं.

सात नंबरच्या टेबलाला एक सासू, तिचा मुलगा आणि सून बसले होते. सॅलड मागवलं होतं सुनेने. चिमणी ऑर्डर देऊन पाणी ठेवायला परत गेली तेव्हा सुनेने तिला हळूच विचारलं, त्यात अक्रोड असतात का, मला चालत नाहीत. सासू म्हणाली, "हिचं हे नवीनच. आमच्याकडे कुणाला असलं काही नाही." सून खाली बघायला लागली. चिमणीने तिच्याजवळ वाकून विचारलं, जसं सकाळी शिकली तसं. सून तितक्याच हळू म्हणाली, "सोसत नाही."

चिमणी धावत खिडकीशी आली. सातची ताटली भरून तिथेच ठेवलेली होती, वर अक्रोड.

"मोठ्या वहिनी, सातला अक्रोड चालत नाहीत, त्यांना सोस—"

"कळलं, कळलं," थोरली म्हणाली.

तिने ताटली मागे ओढली. जांभळा बोर्ड तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर भिंतीला होता. तिने तिकडे बघितलंही नाही. बोटांनी अक्रोड वेचले, टकटक ओट्याच्या कडेला ठेवले, वरची पानं जराशी हलवून सारखी केली, आणि ताटली पुन्हा खिडकीत ठेवली. हे करताना तिच्या मनात काय होतं, ते तिने पुढे कितीदा आठवायचा प्रयत्न केला. काही नव्हतं. मनात पुढची ताटली होती.

चिमणी ताटली उचलेना. "नवीन केलंय ना, वहिनी?"

"तू मला शिकवतेस? उचल."

चिमणीने उचलली.

ओरडा असा झालाच नाही. आधी खोकला ऐकू आला, मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग सासू म्हणाली, घास अडकलाय, पाठीत थाप मार. मुलगा थापा मारायला लागला आणि मग तिला उठवून दाराकडे न्यायला लागला. थोरलीने खिडकीतून बघितलं. सुनेचे ओठ सुजले होते, गळ्यावर लाल चट्टे चढत होते, आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता. सकाळी जे सगळं ती घडाघडा बोलली होती त्यातलं एक अक्षर तिला आठवेना.

आठवलं ते चिमणीला. तिने त्या मुलाच्या दंडाला धरून थांबवलं, पहिल्याच दिवशी, अनोळखी पुरुषाला. "उभं करू नका त्यांना. खाली बसवा. पाय लांब." ड्रायव्हरकाका ओल्या हातांनी आले आणि त्यांनी सुनेला भिंतीला टेकवून बसवलं. चिमणीने तिची पर्स तिच्या मांडीवर उपडी केली. सुनेने त्यातून सुई उचलली, टोपण काढलं, आणि साडीवरूनच मांडीत दाबून धरली. चिमणी तिच्या हातावर हात ठेवून बसली. धाकटी फोनवर अँब्युलन्सला पत्ता सांगत होती.

हळूहळू शिट्टी कमी झाली. सुनेच्या चेहऱ्यावर माणसाचा रंग आला. तेव्हा कुठे बाकीच्यांना बोलायला सुचलं, आणि पहिली सासूच बोलली. "या मुलीला सांगितलं होतं. माझ्यासमोर सांगितलं होतं."

धाकटी चिमणीकडे वळली. "तुला सांगितलं होतं?"

"हो."

"मग आत सांगितलंस?"

चिमणीने खिडकीकडे बघितलं. थोरली खिडकीतच उभी होती. दोघींची नजर भेटली. चिमणीच्या नजरेत तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं. तिथे फक्त प्रश्न होता, खिडकीशी विचारला तोच. थोरली म्हणू शकली असती. एवढंच म्हणायचं होतं, मी.

"सांगितलं," चिमणी म्हणाली, "पण माझा आवाज बारीक आहे. मी नीट बोलले नसेन."

धाकटीने सुस्कारा टाकला. ती काही दुष्ट नव्हती. कायदा होता, आणि तो थोरलीचा होता. "एप्रन काढून ठेव, बाळ. तुझी आजची मजुरी उद्या घेऊन जा."

चिमणीने पाठीमागची गाठ सोडली. ती लवकर सुटेना. थोरली बघत राहिली. गाठ सुटली, एप्रन घडी करून खुर्चीवर ठेवला गेला, चिमणी स्वयंपाकघरातून, थोरलीच्या अगदी जवळून, मागच्या दाराने बाहेर पडली. मग थोरलीने काय केलं, तर हात धुवायला घेतले. साबण लावला, वाहत्या पाण्याखाली धरले. बोटांची टोकं बिटाने लाल झाली होती, ती लाल ती लालच.

अँब्युलन्सबरोबर आलेला माणूस तरुण होता, घाईतही शांत बोलायचा. सुनेच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावता लावता त्याने विचारलं, काय खाल्लं, त्यात नेमकं काय होतं, किती पोटात गेलं असेल. टेबलापाशी कुणाला सांगता येईना. धाकटी म्हणाली, अक्रोड असणार. सासू म्हणाली, पण ताटलीत तर एकही दिसला नाही, मी बघितलं. तो माणूस खिडकीकडे आला. "मला खरं कळायला हवं. अक्रोड होते की नव्हते? की दुसरंच काही आहे?"

आता गप्प राहायला जागा उरली नव्हती. दुसरंच काही समजून त्यांनी दुसरंच काही केलं असतं तर?

"होते," थोरली म्हणाली. "वरून काढून दिले."

"कुणी?"

ओट्याच्या कडेला अक्रोडांची लहानशी रास अजून होती, बिटाच्या रसाने गुलाबी झालेली. "मी," ती म्हणाली. "तिने सांगितलं होतं. मी पुरतं ऐकलं नाही."

त्या माणसाने मान हलवली आणि तो कामाला परत गेला. त्याला तेवढंच हवं होतं. बाकी हॉटेलात कुणी हललं नाही. उंट ताटल्या हातात धरून उभा. ड्रायव्हरकाका जमिनीकडे बघत होते. धाकटी आत आली, तिने आधी अक्रोड बघितले, मग जांभळा बोर्ड, मग जाऊबाईंची बोटं.

"ताई," ती अगदी हळू म्हणाली, "ती पोरगी आत्ता गेली ना हो."

भांडली असती तर थोरलीला सोसलं असतं.

ती एप्रनसकट बाहेर पडली. चिमणी कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर होती. तिच्या शेजारी बसायला जागा होती, पण थोरली बसली नाही. तिने सांगितलं, मी कबूल केलं, तू परत चल. चिमणीने विचारलं, त्या ताई कशा आहेत. बोलत होत्या, थोरली म्हणाली. चिमणीने डोळे पुसले.

"मला कळलं होतं हो," ती म्हणाली. "ताटली उचलली तेव्हा खाली लाल पाणी पसरलेलं होतं. नवीन ताटली कोरडी असते. पण मला वाटलं, तुम्हीच सकाळी शिकवलं, तुम्ही कशाला चुकाल. माझंच काही तरी समजायचं राहिलं असेल."

थोरलीला वाटलं, या पोरीने आपल्याला एक थोबाडीत द्यावी. बस आली. चिमणी तिच्यात चढली नाही, उठून हॉटेलाकडे चालायला लागली. थोरली तिच्या मागून चालली. रस्त्यावरचे लोक तिच्या लाल बोटांकडे बघताहेत असं तिला सारखं वाटत होतं. कुणी बघत नव्हतं.

कायदा कायदा होता. थोरलीने त्याच दिवशी स्वयंपाकघराच्या किल्ल्या धाकटीपुढे ठेवल्या. धाकटी म्हणाली, नाटकं करू नका, उद्या रांग कोण सांभाळणार. थोरली म्हणाली, मागच्या वर्षी तो रडत होता तेव्हा मी हेच म्हणाले का? मग धाकटीने किल्ल्या घेतल्या, आणि पुढे कितीतरी दिवस संध्याकाळचा चहा दोघींनी वेगवेगळा घेतला.

लोकांना वाटतं, कबूल केलं की माणूस मोकळा होतो. थोरली झाली नाही. कबुली तिने दिली नव्हती, ती तिच्याकडून काढून घेतली होती. तो अँब्युलन्सवाला खिडकीशी आला नसता, तर आपण बोललो असतो का, या प्रश्नाचं उत्तर तिला ठाऊक होतं, आणि म्हणून ती तो प्रश्न स्वतःला कधी पुरता विचारत नसे.

सून एक रात्र दवाखान्यात राहून घरी गेली. थोरली फळं घेऊन भेटायला गेली, तेव्हा दार सासूने उघडलं. ती आत घ्यायला तयार नव्हती. आतून सुनेचा आवाज आला, येऊ द्या त्यांना. ती चांगलं बोलली, चहासुद्धा दिला, फळं मात्र तशीच परत पिशवीत ठेवली. पुढे ती आणि तिचा नवरा वेगळे राहायला गेले. तिच्या सासूने, असं ऐकण्यात आलं, मुलीकडे गेली की तिथल्या पाहुण्यांनाही पहिला प्रश्न विचारायची सवय लावून घेतली, कुणाला काय सोसत नाही.

आदल्या वर्षी काढलेल्या वेटरला थोरलीने शोधलं. तो दुसऱ्या गावी एका शाळेच्या खानावळीत लागला होता. तिने माफी मागितली. तो म्हणाला, "चूक माझी होतीच, वहिनी." म्हणजे तिथेही तिला काही मिळालं नाही.

उंट सहा महिन्यांत सोडून गेला आणि पुढे विम्याच्या कंपनीत चांगला वर चढला. ड्रायव्हरकाका शेवटपर्यंत भांडी घासत राहिले. जांभळ्या रेघेच्या ताटल्या ते वेगळ्या धुवायचे आणि त्यांना कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. ते गेले तेव्हा त्यांची सून सगळ्यांत जास्त रडली. धाकटीने पुढे स्वयंपाकघरही सांभाळलं, गुडघे गेल्यावर हॉटेल चिमणीला चालवायला दिलं. चहा पुन्हा एकत्र व्हायला लागला होता. कधीपासून, ते दोघींनाही सांगता येणार नाही.

थोरली काही महिन्यांनी परत आली, पण गॅसजवळ गेली नाही. मागच्या दाराशी बसून भाज्या सोलायची. नवी माणसं आली की चिमणी त्यांना सकाळी उभं करायची. कोंबडी, काकडी, फडकं, सगळं तसंच, फक्त बारीक आवाजात, त्यामुळे ऐकायला लोकांना जवळ सरकावं लागायचं. शेवटी ती बिटाची भरलेली ताटली घ्यायची, वरचे अक्रोड वेचायची आणि विचारायची, आता ही देऊ का? मग सांगायची की असं इथे एकदा झालं होतं. दर वेळी कुणी तरी विचारायचंच, कुणी केलं होतं? चिमणी म्हणायची, "होतं एक माणूस. चांगलं माणूस होतं." आणि पुढचं सांगायला लागायची.

दारातली थोरली मान वर करत नसे. कधी ना कधी हात वर करून म्हणायचं, मी, असं ती दर वेळी ठरवायची. तोवर बोलणं संपायचं आणि सगळे कामाला लागायचे.

आता ती घरीच असते. नातवंडं जेवायला बसली आणि कुणी म्हणालं, आजी, मला हे चालत नाही, तर सगळ्यांना माहीत असतं पुढे काय होणार. आजी वाढायची थांबते, पळी भांड्यात ठेवते आणि विचारते, "आवडत नाही की सोसत नाही?" पोरं हसतात, मुद्दाम अडखळत, लांबवत लांबवत उत्तर देतात. ती पळीला हात लावत नाही. त्यांचं तोंड मिटेपर्यंत ऐकत राहते.